एकाच हेअरकटचे तीन दर: सलूनमध्ये ज्युनिअर, सिनिअर आणि हेड स्टायलिस्ट नेमके ठरतात कसे?

शहरातल्या अनेक युनिसेक्स सलूनच्या दरपत्रकावर हेअरकटसमोर एक नाही, तीन आकडे असतात. ज्युनिअर स्टायलिस्टकडून ३०० रुपये, सिनिअरकडून ४५० आणि हेड स्टायलिस्टकडून ७००. खुर्ची तीच, आरसा तोच, मग हा फरक कशाचा, असा प्रश्न ग्राहकाला पडतो. बऱ्याचदा तोच प्रश्न आत काम करणाऱ्या ज्युनिअरलाही पडलेला असतो. आपण सिनिअर कधी होणार आणि काय यायला लागले की होणार, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

मग दोन-अडीच वर्षांत तो समोरच्या सलूनमध्ये दोन हजार रुपये जास्त घेऊन जातो आणि जाताना ठरलेली गिऱ्हाइकेही सोबत नेतो. मालक म्हणतो, 'शिकवून काही उपयोग नाही, शिकले की जातात.' ही तक्रार जुनीच आहे. त्यावर काही सलून एक उपाय करून पाहतात. कामाच्या पायऱ्या लिहून ठेवायच्या, प्रत्येक पायरीला पगार जोडायचा आणि वरची पायरी वर्षे मोजून नाही, तर हातातले काम तपासून द्यायची. ही पद्धत कशी चालते, तिचा हिशेब कसा बसतो आणि ती कुठे फसते, ते पाहू.

सध्या पगार कसा ठरतो?

गल्लीतल्या पारंपरिक सलूनमध्ये टक्केवारी चालते. कारागिराने दिवसभरात जेवढे काम केले, त्यातला ठरलेला हिस्सा, बऱ्याच ठिकाणी निम्मा, त्याचा आणि उरलेला मालकाचा. जागा, वीज, साहित्य मालक बघतो. हिशेब सोपा असतो आणि रोजच्या रोज मिटतो.

मोठ्या सलूनमध्ये ठरलेला पगार आणि वर इन्सेन्टिव्ह असतो. महिन्याला अमुक रकमेच्या कामाचे टार्गेट ओलांडले की वरच्या रकमेवर टक्केवारी मिळते.

दोन्ही पद्धतींत एक गोष्ट सारखी आहे. पैसे कामाच्या रकमेवर मिळतात, कामाच्या दर्जावर नाही. त्यामुळे वागणेही तसेच घडते. जो स्टायलिस्ट केवळ बिलावर कमावतो, तो ज्युनिअरला शिकवण्यात तास घालवत नाही, कारण त्या तासात त्याचे एक गिऱ्हाईक जाते. साध्या ट्रिमसाठी आलेल्या ग्राहकाला स्मूदनिंग घ्यायला लावण्याचा मोह होतो. चांगली गिऱ्हाइके कोणाकडे बसवायची यावरून रिसेप्शनपाशी धुसफूस होते.

महाराष्ट्रात आणखी एक अडचण आहे. सलूनचा धंदा वर्षभर सारखा नसतो. लग्नसराईत आणि दिवाळीच्या आधी उसंत नसते, तर श्रावणात अनेक पुरुष केस-दाढी करत नाहीत आणि पितृपक्षातही खुर्च्या रिकाम्या राहतात. कमाई केवळ टक्केवारीवर असेल, तर या महिन्यांत कारागिराच्या घरचे गणित कोलमडते. नोकरी बदलण्याचा विचार नेमका तेव्हाच येतो.

कौशल्याच्या पायऱ्या म्हणजे काय?

या पद्धतीत पगाराचा मोठा भाग 'काय येते' यावर ठरतो. त्यासाठी आधी कामांची यादी लागते, आणि ती यादी ढोबळ असून चालत नाही. 'कटिंग चांगले येते' हे कौशल्य नव्हे. 'लांब केसांवर लेयर कट ठरलेल्या वेळेत, दोन्ही बाजू सारख्या ठेवून करता येतो' हे कौशल्य. पहिल्या वाक्यावर वाद होऊ शकतो, दुसरे करून दाखवता येते.

साधारण सहा खुर्च्यांच्या सलूनमध्ये रचना अशी बसते. सर्वांत खाली असिस्टंट. शॅम्पू, ब्लो ड्राय, केसांचे भाग पाडणे, कंगवे-कात्र्या निर्जंतुक करणे ही त्याची कामे. एका रेषेतला साधा ट्रिम आणि पुरुषांचा मशीन-कात्रीचा साधा कट स्वतंत्रपणे जमला की तो ज्युनिअर स्टायलिस्ट होतो.

ज्युनिअर ते सिनिअर हे अंतर सर्वांत मोठे असते आणि माणसे इथेच गळतात. म्हणून या टप्प्यात मधल्या छोट्या पायऱ्या ठेवतात: लेयर कट, फेड, रूट टच-अप आणि ग्लोबल कलर, म्हणजे पूर्ण केसांचा रंग. प्रत्येक कौशल्य सिद्ध झाले की पगारात ठरलेली रक्कम वाढते. त्यासाठी वर्षअखेरीची वाट पाहावी लागत नाही.

चारही कौशल्ये आली म्हणजे माणूस आपोआप सिनिअर होत नाही. सिनिअरकडून हाताइतकीच समजही अपेक्षित असते. खरी कसोटी ग्राहकाशी पहिल्या पाच मिनिटांच्या बोलण्यात लागते. वर्षानुवर्षे मेंदी लावणारी बाई हायलाइट्स मागते, तेव्हा ती मेंदी कोणती, हे विचारावे लागते. बाजारातल्या काही 'काळ्या मेंदी'त धातूंचे क्षार असतात. त्यांची डेव्हलपरमधल्या हायड्रोजन पेरॉक्साइडशी प्रक्रिया होऊन केस गरम होऊ शकतात, तुटू शकतात. अशा वेळी एका बटेवर चाचणी घेतल्याशिवाय पुढे न जाणे आणि चाचणी बिघडली तर दोन-तीन हजारांचे काम नाकारणे, हे सिनिअरचे कौशल्य. ब्लीच केलेल्या केसांवर स्ट्रेटनिंग मागणाऱ्याला 'नाही' म्हणणे, हेही त्यातच आले.

सिनिअरच्या पुढची कौशल्ये म्हणजे फॉइल हायलाइट्स, स्मूदनिंग आणि बिघडलेला रंग दुरुस्त करणे. हेड स्टायलिस्टचे पद मात्र वेगळ्या जातीचे आहे. त्याकडे नंतर येऊ.

परीक्षा कशी घेतात?

सगळी पद्धत इथे उभी राहते किंवा पडते. परीक्षा मालकाच्या मर्जीवर असेल, तर पायऱ्या केवळ कागदावर राहतात.

रूट टच-अपचे उदाहरण घेऊ. हे काम सोपे वाटते: मुळाशी आलेले पांढरे केस रंगवायचे. पण परीक्षकाच्या हातातल्या कागदावर पाहण्याच्या गोष्टी ठरलेल्या असतात. रंग लावण्याच्या ४८ तास आधी कानामागे पॅच टेस्ट झाली होती का? रंग आणि डेव्हलपर अंदाजाने पिळले की काट्यावर वजन करून, कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात मिसळले? पांढऱ्या केसांसाठी सहसा २० व्हॉल्यूम, म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइडचा डेव्हलपर वापरतात. तो का निवडला, हे सांगता आले का? भाग बारीक पाडले का? रंग फक्त नव्या मुळांवर लागला की आधीच रंगवलेल्या लांबीवरही गेला? लांबीवर पुन्हा पुन्हा रंग चढला की ती काळपट आणि कोरडी होत जाते. दोषही लगेच दिसत नाही, तीन-चार वेळांनंतर दिसतो.

शेवटी कानशिलाजवळचे केस पाहतात. तिथले पांढरे केस बऱ्याचदा रंग लवकर धरत नाहीत. घाईत केलेले काम तिथेच उघडे पडते.

कटची तपासणीही अशीच ठरलेली असते. केस उभ्या भागांत कापले असतील, तर आडवे भाग पाडून पुन्हा पाहतात. याला क्रॉस-चेक म्हणतात. उभ्यात सरळ दिसणारी रेषा आडव्यात पायऱ्यांसारखी दिसली, तर कट चुकला आहे. यात मताला फारशी जागा उरत नाही.

परीक्षा न्याय्य ठरावी म्हणून तीन पथ्ये पाळली जातात. पहिले, काम एकदा नाही, तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेगळ्या प्रकारच्या केसांवर दाखवायचे: दाट सरळ, विरळ आणि कुरळ्या. एकदा जमलेला कट योगायोग असू शकतो. दुसरे, परीक्षक दोन असावेत आणि त्यातल्या एकाने तरी त्या उमेदवाराला शिकवलेले नसावे. छोट्या सलूनमध्ये दुसरा परीक्षक मिळणे कठीण असते. तेव्हा ओळखीच्या दुसऱ्या सलूनचा सिनिअर किंवा रंग बनवणाऱ्या कंपनीचा प्रशिक्षक बोलावता येतो. तिसरे, नापास झालेल्याला नेमके काय चुकले ते लेखी द्यायचे आणि महिन्याने पुन्हा संधी द्यायची.

निकष अगदी शून्यातून लिहावे लागत नाहीत. देशात ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलने असिस्टंट आणि पूर्ण हेअर स्टायलिस्ट यांच्यासाठी कामाची मानके तयार केलेली आहेत. त्यातली आपल्या सलूनला लागू पडणारी कलमे उचलून यादी सुरू करता येते.

परीक्षेला वेळ कुठून काढायचा? श्रावणातल्या रिकाम्या दुपारी यासाठी उत्तम. ज्या महिन्यात इन्सेन्टिव्ह सर्वांत कमी मिळतो, त्याच महिन्यात कायमची पगारवाढ मिळवण्याची संधी येते.

हिशेब कसा बसतो?

समजा, नाशिकमध्ये सहा खुर्च्यांचे एक सलून आहे. ज्युनिअरचा मूळ पगार १७,००० रुपये. चारपैकी प्रत्येक कौशल्याला १,५०० रुपये वाढ. चारही झाली की २३,०००. सिनिअरची परीक्षा पास झाली की मूळ पगार २५,००० आणि पुढच्या प्रत्येक कौशल्याला २,०००. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. गाव आणि वस्ती बदलली की ते बदलतील, पण गणिताची पद्धत तीच राहील.

मालकाचा पहिला प्रश्न असतो, हे १,५०० रुपये येणार कुठून? रूट टच-अपचा दर १,००० रुपये आणि त्यात रंग-डेव्हलपरचा खर्च २०० रुपये धरला, तर एका कामामागे ८०० रुपये उरतात. म्हणजे त्या ज्युनिअरने महिन्यात जास्तीचे दोन टच-अप केले की वाढ वसूल होते. रविवारी सिनिअर मोकळा नाही म्हणून परत जाणारी चार-पाच गिऱ्हाइके असतील, तर हा सौदा फायद्याचाच आहे.

पण 'जास्तीचे' हा शब्द महत्त्वाचा. ज्युनिअरने केलेले टच-अप आधी सिनिअर करत होता आणि आता सिनिअर त्या वेळेत रिकामा बसला, तर सलूनची कमाई वाढलीच नाही, पगार तेवढा वाढला. सिनिअरच्या मोकळ्या झालेल्या तासात हायलाइट्ससारखे मोठे काम यायला हवे. म्हणून कोणत्या कौशल्याला पैसे द्यायचे हे ठरवण्याआधी मागच्या तीन महिन्यांची बिले आणि 'वेळ नाही' म्हणून परत पाठवलेल्या ग्राहकांची नोंद पाहावी लागते. ज्या वस्तीत बालायाज वर्षातून दोघीच मागतात, तिथे त्या कौशल्याला दरमहा वाढ देणे परवडत नाही.

आता पूर्ण सलूनचा एक महिना पाहू. कामाची रक्कम जीएसटी वगळून धरली आहे.

| पद | माणसे | एकूण पगार (रु.) | एकूण काम (रु.) |
|---|---|---|---|
| असिस्टंट | २ | २८,००० | – |
| ज्युनिअर | ३ | ६०,००० | २,२५,००० |
| सिनिअर | २ | ५६,००० | २,४०,००० |
| हेड | १ | ४०,००० | ९५,००० |
| एकूण | ८ | १,८४,००० | ५,६०,००० |

यावर इन्सेन्टिव्ह. ज्युनिअरला महिन्याला ६०,००० रुपयांच्या आणि सिनिअरला ८४,००० रुपयांच्या कामापुढे १० टक्के, असा नियम धरला आणि पाचही जणांनी टार्गेट ओलांडले असे मानले, तर त्यांचा मिळून इन्सेन्टिव्ह ११,७०० रुपये होतो. पगारासह एकूण खर्च १,९५,७०० रुपये, म्हणजे कामाच्या सुमारे ३५ टक्के. मालकाने ४० टक्क्यांची मर्यादा घालून घेतली असेल, तर आणखी काही कौशल्यांना वाव शिल्लक आहे. हे प्रमाण दर महिन्याला पाहिले नाही, तर पायऱ्या उत्साहात वाटल्या जातात आणि श्रावणात पगार द्यायला पैसे उरत नाहीत.

इन्सेन्टिव्ह कशावर मोजायचा, हेही आधीच लिहून ठेवावे लागते. सलून सेवांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला आहे. तो सरकारचा पैसा, तेव्हा टक्केवारी तो वगळूनच काढायची. सवलतीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. मालकाने ३० टक्के सूट जाहीर केली, तर स्टायलिस्टचे कष्ट कमी होत नाहीत, बिल मात्र कमी होते. सवलतीआधीची रक्कम धरायची की नंतरची, हे ठरलेले नसेल तर सेलच्या प्रत्येक महिन्यानंतर भांडण होते.

बढती मिळाली आणि पैसे घटले, असे का होते?

हा या पद्धतीतला सर्वांत लपलेला खड्डा आहे. वरच्याच सलूनमधली एक ज्युनिअर घ्या. चारही कौशल्ये झाली आहेत, पगार २३,००० आहे आणि ती महिन्याला ८८,००० रुपयांचे काम करते. तिचे टार्गेट ६०,०००. वरच्या २८,००० वर १० टक्के म्हणजे २,८०० रुपये. हातात एकूण २५,८००.

ती परीक्षा पास होऊन सिनिअर झाली. पगार २५,०००, पण टार्गेट आता ८४,०००. काम तेवढेच राहिले, तर इन्सेन्टिव्ह फक्त ४०० रुपये. हातात २५,४००. बढती झाली आणि ४०० रुपये कमी झाले.

काम वाढेल की, असे मालक म्हणतो. शेवटी वाढतेही, कारण तिच्या कटचा दर ३०० वरून ४५० होतो. पण सुरुवातीला उलटे घडते. तिची जुनी काही गिऱ्हाइके दीडपट दर पाहून दुसऱ्या ज्युनिअरकडे बसतात आणि नवी अजून जोडायची असतात. पहिल्या दोन-तीन महिन्यांत तिचे काम ८८,००० च्याही खाली जाऊ शकते.

उपाय साधा आहे. बढतीनंतर तीन महिने जुनेच टार्गेट ठेवायचे. मग त्याच ८८,००० च्या कामावर तिला २५,००० अधिक २,८००, म्हणजे २७,८०० रुपये मिळतात आणि बढती खऱ्या अर्थाने बढती वाटते. जुन्या ग्राहकांनाही महिनाभर आधी कल्पना देऊन पुढची एक भेट जुन्या दरात द्यावी, म्हणजे दरवाढीचा राग तिच्यावर निघत नाही.

याच कारणासाठी टार्गेट 'पगाराच्या तिप्पट' असे ठेवू नये, पदानुसार ठरलेला आकडा ठेवावा. तिप्पटीच्या नियमात १,५०० रुपयांची वाढ मिळाली की टार्गेट ४,५०० रुपयांनी वाढते आणि टार्गेट ओलांडणाऱ्याचा इन्सेन्टिव्ह ४५० रुपयांनी घटतो. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होते. कर्मचाऱ्यांना ते पहिल्याच पगारात कळते.

हेड स्टायलिस्ट म्हणजे सर्वांत जास्त कमावणारा का?

बऱ्याच सलूनमध्ये ज्याचे बिल सर्वांत मोठे, त्याला हेड करतात. मग दोन गोष्टी होतात. एक तर तो पूर्वीसारखाच दिवसभर खुर्चीमागे उभा राहतो आणि ज्युनिअरच्या कामाकडे पाहायला त्याला वेळ नसतो. किंवा तो प्रामाणिकपणे शिकवायला लागतो आणि त्याचे बिल घटते, सोबत त्याचा इन्सेन्टिव्हही. वर्षभरात त्याला वाटते की सिनिअर होतो तेच बरे होते.

म्हणून हेडचा पगार वेगळ्या पायावर उभा करावा लागतो. उदाहरणातल्या ४०,००० रुपयांपैकी ३२,००० ठरलेले आणि ८,००० टीमच्या कामावर अवलंबून. त्याच्या स्वतःच्या बिलावर इन्सेन्टिव्ह नाही. म्हणूनच तक्त्यात त्याचे काम सिनिअरपेक्षा कमी दिसते. ती चूक नाही, ती त्याच्या मोकळ्या ठेवलेल्या वेळेची किंमत आहे.

टीमचे काम मोजण्यासाठी दोन-तीनच मापे पुरतात. पहिले, रीडू, म्हणजे दहा दिवसांच्या आत तक्रार घेऊन परत आलेला ग्राहक, ज्याचे काम फुकट पुन्हा करावे लागते. दुसरे, ठरलेले शिकवण्याचे तास झाले का. तिसरे, ज्यांच्या परीक्षा या तिमाहीत होणार होत्या, त्या वेळेवर झाल्या का. 'किती जण पास झाले' हे माप मात्र ठेवू नये. तसे केले, तर हेड सगळ्यांनाच पास करायला लागतो.

रीडूच्या मापातही एक सावधगिरी लागते. रीडू झाला की संबंधित स्टायलिस्टचे पैसे कापले, तर तक्रारी कमी होत नाहीत, लपवल्या जातात. ग्राहकाला परस्पर फोन करून 'मी बघतो, रिसेप्शनवर सांगू नका' असे होते. म्हणून रीडूची नोंद शिक्षेसाठी नसावी, शिकवण्यासाठी असावी. एकाच माणसाकडून एकाच प्रकारचे रीडू तीन वेळा आले, तर ते कौशल्य पुन्हा तपासायचे.

कौशल्य आणि पद यांतला फरक इथेच स्पष्ट होतो. कौशल्याची दारे सर्वांना उघडी ठेवता येतात. सलूनमधल्या पाचही जणांना फेड आला तर चांगलेच. पण हेड हे पद आहे आणि ते रिकामे झाल्यावरच भरता येते. सहा खुर्च्यांना दोन हेड परवडत नाहीत. हे पहिल्याच दिवशी सांगितलेले बरे. ज्याला शिकवण्याची किंवा माणसे सांभाळण्याची हौस नाही, अशा उत्तम सिनिअरला हेड न होताही कौशल्यांच्या जोरावर पगार वाढवता यावा, एवढी जागा रचनेत हवी.

पद्धत बिघडते आहे, हे कसे ओळखायचे?

सर्वांत सामान्य रोग म्हणजे पदांची खैरात. कोणी नोकरी सोडतो म्हटले की त्याला 'सिनिअर' करून थांबवले जाते. दोन वर्षांत सगळेच सिनिअर होतात आणि दरपत्रकावरच्या तीन दरांना अर्थ उरत नाही. ४५० रुपये मोजून ३०० चाच कट मिळाला, हे ग्राहकाला बरोबर समजते. खूण सोपी आहे: सिनिअरकडे आलेला नवा ग्राहक तीन महिन्यांत पुन्हा त्याच्याकडेच येतो का, हे बुकिंगच्या नोंदीत पाहायचे. ज्युनिअरच्या आणि सिनिअरच्या या आकड्यांत काहीच फरक नसेल, तर पायरी नावापुरती आहे.

दुसरी खूण रिसेप्शनवर दिसते. नवीन ग्राहक नेहमी ठरावीक दोघांकडेच बसवले जात असतील, तर ज्युनिअरला कौशल्य मिळूनही ते वापरायला मिळत नाही. न वापरलेला हात बिघडतो. त्यामुळे 'कोणाची पाळी' याचा नियमही पायऱ्यांच्या कागदावरच असावा लागतो.

तिसरी अडचण जुन्या माणसांची. पंधरा वर्षे काम केलेल्या कारागिराला अचानक परीक्षा द्या म्हटले तर तो दुखावतो आणि त्याचे चूकही नाही. अशा वेळी आजचा पगार कोणाचाही कमी होणार नाही, हे आधी लेखी द्यावे लागते. नवी पद्धत पुढच्या वाढीला लागू करायची. त्याच कारागिराला परीक्षक म्हणून बसवले, तर विरोध बराच मावळतो. वस्तरा आणि कात्रीवरचा त्याचा हात बहुधा सर्वांत पक्का असतो.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रात दुकाने आणि आस्थापनांसाठी किमान वेतन कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशा वर्गांनुसार आणि परिमंडळांनुसार ठरते. कोणत्याही पायरीचा ठरलेला पगार त्याखाली जाऊ शकत नाही. 'इन्सेन्टिव्ह धरून किमान वेतन होते' हा युक्तिवाद धोक्याचा आहे, कारण श्रावणात इन्सेन्टिव्ह शून्य होऊ शकतो.

चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यातल्या वेतन संहितेनुसार वेगवेगळे भत्ते मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. त्यामुळे कौशल्याची वाढ 'भत्ता' म्हणून वेगळी दाखवण्यापेक्षा मूळ पगारातच मिळवणे सरळ पडते. त्याच संहितेत सारख्या कामासाठी स्त्री-पुरुष असा पगारात भेद करायला मनाई आहे. लेखी पायऱ्या इथे दोघांच्याही कामी येतात: पगारात फरक का, याचे उत्तर परीक्षेच्या कागदावर असते.

आणि शिकवलेला माणूस निघून गेला तर? काही मालक 'सोडल्यावर दोन वर्षे जवळच्या सलूनमध्ये काम करणार नाही' असे लिहून घेतात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार एखाद्याला कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. नोकरी सोडल्यानंतरची अशी अट न्यायालयात सहसा टिकत नाही. म्हणजे माणूस थांबवायचा असेल, तर स्टँपपेपरपेक्षा पुढची पायरी जास्त उपयोगाची.

नोकरी धरताना काय विचारावे?

सलूनमध्ये नव्याने लागणाऱ्या मुलामुलींसाठी पगाराच्या आकड्याइतकेच चार प्रश्न महत्त्वाचे आहेत. पुढच्या पायरीसाठी नेमके काय करून दाखवायचे, हे लिहिलेले आहे का? परीक्षा वर्षातून किती वेळा आणि कोण घेते? टार्गेट पदावर ठरते की पगारासोबत वाढते? आणि आठवड्यातले किती तास शिकण्यासाठी राखलेले आहेत? महाराष्ट्रात अनेक सलून सोमवारी बंद असतात आणि 'शिकायचे तर सोमवारी या' असे सांगितले जाते. आठवड्याची एकुलती एक सुटी शिकण्यात घालवावी लागत असेल, तर त्या तासांची किंमत कोण मोजतो, हेही तिथेच विचारून घ्यावे.